डॉलरमधलं शिक्षणकर्ज: हप्ता तोच, मग रुपयातला बोजा का वाढतो?

परदेशी एमएस किंवा पीएचडीची तयारी करणाऱ्या ज्युनिअर्सकडून हल्ली एक प्रश्न बऱ्याचदा येतो. "दादा, इथली वित्तसंस्था रुपयात साडेबारा टक्क्यांनी कर्ज देतेय आणि वर जामीनदार मागतेय. परदेशी कंपनी डॉलरमध्ये अकरा टक्क्यांनी देतेय, जामीनदारही नको. मग डॉलरवालंच स्वस्त ना?"

मी अर्थशास्त्राचा नाही, रसायनशास्त्रात पीएचडी करतोय. पण लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात भरवली जाते: दोन आकड्यांची तुलना करण्याआधी त्यांची एककं बघा. इथे नेमकी तीच गडबड आहे. साडेबारा टक्के हे रुपयावरचे आहेत आणि अकरा टक्के डॉलरवरचे. एकाला दुसऱ्याच्या एककात बदलल्याशिवाय कुठलं लहान हे सांगताच येत नाही. आणि बदलायला गेलं की मधे येतो विनिमय दर, जो दहा वर्षं एका जागी बसून राहत नाही.

आधी कर्ज कोणत्या चलनात आहे ते ओळखा

फी डॉलरमध्ये आहे म्हणून कर्ज डॉलरमध्ये असतं असं नाही. भारतातल्या बँका आणि वित्तसंस्था साधारणपणे रुपयात कर्ज देतात. फी भरायच्या दिवशी बँक त्या दिवसाच्या दराने डॉलर विकत घेऊन विद्यापीठाला पाठवते, आणि तुमच्या खात्यावर रुपयातली रक्कम कर्ज म्हणून चढते. त्यानंतर डॉलर शंभरवर गेला तरी आधीच चढलेल्या कर्जाला काही होत नाही.

अशा कर्जात रुपयाच्या घसरणीचा फटका बसतो तो रक्कम पूर्ण वितरित होण्याआधी. समजा, ३० लाख रुपये मंजूर झाले. डॉलर ८३ रुपयांना असताना त्यात सुमारे ३६,१०० डॉलर बसत होते. तो ९० झाला की त्याच तीस लाखांत ३३,३०० च बसतात. दुसऱ्या वर्षाच्या फीला २,८०० डॉलर कमी पडतात आणि मग घरी फोन जातो.

दुसरा प्रकार म्हणजे खरंखुरं परदेशी चलनातलं कर्ज. प्रॉडिजी फायनान्स, एमपॉवर फायनान्सिंग यांसारख्या कंपन्या परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय डॉलरमध्ये कर्ज देतात. ज्यांच्या घरी गहाण ठेवायला जमीन किंवा फ्लॅट नाही त्यांच्यासाठी हा मोठाच आधार असतो, हे आधीच सांगतो. पण इथे मुद्दल डॉलरमध्ये, व्याज डॉलरमध्ये आणि हप्ताही डॉलरमध्ये. करारातली 'कर्जाची रक्कम' ही ओळ वाचा. तिथे जे चलन लिहिलंय तेच तुमच्या कर्जाचं चलन. बाजूला रुपयातला आकडा दाखवला असेल तर तो फक्त माहितीसाठी असतो.

एक हिशेब पूर्ण करून बघू

एक काल्पनिक विद्यार्थिनी घेऊ. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती एमएससाठी अमेरिकेला गेली. कर्ज ४०,००० डॉलर, स्थिर व्याजदर ११ टक्के, परतफेड दहा वर्षं. शिकत असताना कॅम्पसवरच्या कामातून तिने व्याज भरत ठेवलं, त्यामुळे मुद्दल वाढलं नाही. (प्रत्यक्षात अनेकांचं व्याज या काळात साचतं आणि मुद्दलात मिळवलं जातं. म्हणजे आपण तिला सोपी परिस्थिती दिली आहे.) शिक्षण संपल्यावर ती भारतात परतली आणि जानेवारी २०२४ पासून हप्ते सुरू झाले.

महिन्याचा हप्ता किती? कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=PMT(0.11/12, 120, -40000)
```

उत्तर येतं ५५१ डॉलर. हा आकडा दहा वर्षं बदलणार नाही. आता तो रुपयात बघू.

कर्ज घेतलं तेव्हा डॉलर साधारण ७४ रुपयांना होता. तिने आणि तिच्या वडिलांनी कागदावर जो हिशेब मांडला त्यात हप्ता होता सुमारे ४०,८०० रुपये. हप्ते सुरू झाले तेव्हा डॉलर ८३ ला होता, म्हणजे हप्ता ४५,७०० रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. ९० च्या दराने तोच ५५१ डॉलरचा हप्ता होतो ४९,६०० रुपये. तिने एकही हप्ता चुकवलेला नाही, दंड नाही, व्याजदर बदललेला नाही. तरी कागदावरच्या अंदाजापेक्षा महिन्याला ८,८०० रुपये जास्त जातायत.

पण हप्त्यापेक्षाही शिल्लक मुद्दलाकडे बघा, कारण खरा धक्का तिथे आहे. चोवीस हप्ते भरल्यावर तिचं कर्ज ४०,००० वरून सुमारे ३५,१०० डॉलरवर आलं. डॉलरमध्ये बघितलं तर कर्ज घटतंय, सगळं ठीक चाललंय. आता रुपयात बघू. घेतलं तेव्हा कर्ज होतं ४०,००० गुणिले ७४, म्हणजे २९ लाख ६० हजार. आज शिल्लक आहे ३५,१०० गुणिले ९०, म्हणजे साधारण ३१ लाख ६० हजार. मधल्या दोन वर्षांत तिने, सरासरी दर ८५ धरला तर, सव्वाअकरा लाख रुपये भरलेत. एवढे भरूनही रुपयातलं देणं मूळ कर्जापेक्षा दोन लाखांनी जास्त आहे.

हे असं का होतं? सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. तिच्या पहिल्या ५५१ डॉलरमधले जवळपास ३६७ व्याजात गेले, मुद्दलातून फक्त १८४ कमी झाले. म्हणजे पहिली काही वर्षं मुद्दल हळू उतरतं, आणि नेमक्या त्या काळात रुपया घसरला तर ती घसरण जवळजवळ पूर्ण मुद्दलावर लागू होते. हीच घसरण नवव्या वर्षी झाली असती तर थोडंच कर्ज उरलेलं असतं, मग फारसं बिघडलं नसतं. त्यामुळे रुपया एकूण किती घसरला एवढंच बघून पुरत नाही, तो कधी घसरला हेही बघावं लागतं.

अकरा टक्क्यांचे रुपयात किती टक्के?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. डॉलरवरचा व्याजदर i आणि डॉलर रुपयाच्या तुलनेत दरवर्षी d इतका महाग होत असेल, तर रुपयातला खरा दर असा निघतो:

```
(1 + i) × (1 + d) − 1
```

i म्हणजे ०.११. d किती धरायचा? २०११ च्या मध्यावर डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, २०२५ च्या शेवटी ९०. साडेचौदा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला जवळपास पाच टक्के. हे सूत्रात घातलं की १.११ गुणिले १.०५, म्हणजे १.१६५. रुपयात साडेसोळा टक्के! आपल्या विद्यार्थिनीच्या काळात (७४ वरून ९०, सव्वाचार वर्षांत) d साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे रुपयात सुमारे १६ टक्के.

पण d चा अंदाज कुणालाच नीट करता येत नाही. म्हणून मी उलटा प्रश्न विचारायला सांगतो: d किती झाला तर दोन्ही कर्जं सारखीच महाग पडतील? १.१२५ भागिले १.११, म्हणजे १.०१३५. उत्तर सुमारे १.३५ टक्के. म्हणजे डॉलर दरवर्षी १.३५ टक्क्यांपेक्षा जास्त महाग झाला तर साडेबारा टक्क्यांचं रुपयातलं कर्ज स्वस्त, त्यापेक्षा कमी झाला तर डॉलरचं स्वस्त. आता प्रश्न सोपा झाला. दहा वर्षांची सरासरी १.३५ च्या खाली राहील यावर तुम्ही पैसे लावाल का?

एक साधा संदर्भ देतो. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचं २ टक्के. दोघांनीही आपापलं लक्ष्य अगदी बरोबर गाठलं तरी रुपयाची खरेदीशक्ती डॉलरपेक्षा वर्षाला दोन टक्क्यांनी जास्त झिजणार. दीर्घकाळात विनिमय दर साधारण त्याच दिशेने सरकतो. म्हणजे संकट नाही, युद्ध नाही, तेल महाग झालेलं नाही, तरीही १.३५ चा उंबरठा ओलांडला जाण्याचीच शक्यता जास्त. डॉलरच्या कर्जावर व्याज कमी दिसतं त्याचं एक कारणही हेच. दोन्ही देशांतल्या महागाईचा फरक व्याजदरात आधीच धरलेला असतो, ती काही कुणी दिलेली सूट नव्हे.

मात्र 'सरासरी पाच टक्के' याचा अर्थ दरवर्षी पाच टक्के असा घेऊ नका. रुपया पायऱ्या उतरावा तसा एका चालीने घसरत नाही. २०१३ मध्ये मे ते ऑगस्ट या काळात डॉलर ५५ च्या आसपासून ६८ वर गेला. २०२२ च्या अखेरपासून पुढची जवळपास दोन वर्षं तो ८१ ते ८५ च्या पट्ट्यात जवळजवळ झोपून होता. आणि २००७ मध्ये तर रुपया मजबूत होऊन डॉलर ४४ वरून ३९ पर्यंत उतरला होता. त्या एका वर्षात डॉलरचं कर्ज असणारा फायद्यात होता. शांत पट्टा बघून "रुपया आता स्थिर झालाय" असं ठरवणं जितकं चूक, तितकंच दोन महिन्यांची घसरण बघून पुढची दहा वर्षं आखणंही चूक.

व्याजदर बदलता असेल तर दोन फटके एकदम

काही डॉलर कर्जांचा व्याजदर स्थिर नसतो, तो सोफर या अमेरिकी संदर्भ दराला बांधलेला असतो. म्हणजे सोफर अधिक ठरावीक टक्के. २०२२ च्या सुरुवातीला सोफर जवळपास शून्यावर होता. फेडने महागाई रोखायला दर वाढवले आणि २०२३ च्या मध्यापर्यंत तो पाच टक्क्यांवर गेला.

समजा कुणाचा दर ७ टक्क्यांवरून १२ झाला. ४०,००० डॉलरचा दहा वर्षांचा हप्ता ४६४ वरून ५७४ डॉलर होतो. पण याच काळात डॉलर ७५ वरून ८२ वर गेला होता. म्हणजे रुपयात ३४,८०० चा हप्ता झाला ४७,१००. पस्तीस टक्के वाढ, दीड वर्षात.

हा निव्वळ योगायोग नाही. अमेरिकेत व्याज वाढलं की जगभरचा पैसा तिकडे ओढला जातो, डॉलर वधारतो आणि रुपयावर दबाव येतो. म्हणजे दर वाढण्याचं आणि रुपया पडण्याचं मूळ बऱ्याचदा एकच असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हे दोन धोके स्वतंत्र चल नाहीत, त्यांच्यात सहसंबंध आहे. त्यामुळे डॉलरमध्येच कर्ज घ्यावं लागणार असेल आणि मिळकत रुपयात होण्याची शक्यता असेल, तर थोडा जास्त पण स्थिर दर मला बरा वाटतो.

मग डॉलरचं कर्ज वाईटच का?

नाही. पुढची दहा वर्षं डॉलरमध्ये कमावणार असाल तर उलट तेच सुरक्षित आहे. ५५१ डॉलरचा हप्ता डॉलरच्या पगारातून जातो, रुपयाचं काहीही होवो. तिकडे कमावणाऱ्याने रुपयातलं कर्ज घेतलं असेल तर रुपया पडल्यावर त्याला फायदाच होतो, कारण कमी डॉलरमध्ये तोच हप्ता भरता येतो. धोका आहे तो देणं एका चलनात आणि मिळकत दुसऱ्या चलनात असण्याचा.

आणि इथे संशोधनाकडे वळणाऱ्यांचा प्रश्न बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो. एमएस करून थेट नोकरीला लागणाऱ्याचा पगार त्याच चलनात लगेच सुरू होतो. आपल्यापैकी अनेकांची योजना मात्र 'एमएस तिकडे, मग पीएचडी' अशी असते. पीएचडी तिकडेच मिळाली तर विज्ञान शाखांत बहुतेकदा फी माफ आणि डॉलरमध्ये विद्यावेतन असतं. ते तुटपुंजं असलं तरी चलन जुळतं. पण व्हिसा, घरची अडचण किंवा आवडता गाइड, कुठल्याही कारणाने पीएचडीला भारतात आलात तर काय? जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे, एसआरएफ ४२,०००, वर घरभाडे भत्ता. आपल्या विद्यार्थिनीचा हप्ता ४९,६०० आहे. म्हणजे नेट उत्तीर्ण होऊन, चांगल्या संस्थेत प्रवेश मिळवूनही तिला तो घेता येणार नाही. रुपया ७४ वर असता तर एसआरएफमधून हप्ता जेमतेम निघाला असता, आता तेही नाही. अशा वेळी विनिमय दर कुणाच्या संशोधनाची दिशा ठरवतो, हे मी आसपास बघतोय.

म्हणून कर्ज घेण्याआधी कंपनीला एक गोष्ट लेखी विचारा: एमएसनंतर मी पूर्णवेळ पीएचडीला लागलो तर हप्ते पुढे ढकलता येतात का, किती काळ, आणि तेव्हा व्याज साचून मुद्दलात मिळतं का? सवलत मिळाली तरी ती फुकट नसते. अकरा टक्क्यांनी पाच वर्षं साधं व्याज साचलं तरी ४०,००० चे ६२,००० डॉलर होतात, आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुढे रुपयाची घसरण लागू होते.

भारतातून हप्ते भरताना आणखी दोन गोष्टी खिशाला लागतात. बातम्यांत दिसतो तो बाजारातला दर. बँक तुम्हाला डॉलर विकते तो टीटी सेलिंग रेट त्याहून जास्त असतो, आणि पैसे पाठवण्याचं शुल्क व जीएसटी वेगळा. डॉलरमागे फक्त एक रुपया जास्त गेला तरी ५५१ डॉलरच्या हप्त्यावर दहा वर्षांत ६६,००० रुपये होतात. दुसरी गोष्ट कराची. शिक्षणकर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट भारतातल्या बँकांच्या किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थांच्या कर्जाला, तीही जुन्या करप्रणालीत मिळते. परदेशी कंपनीच्या व्याजावर ती गृहीत धरू नका.

कर्ज आधीच घेतलं असेल तर

भारतात परतलेल्यांना एक मार्ग असतो: इथे रुपयात कर्ज काढून डॉलरचं फेडून टाकायचं. मुदतीआधी फेडीवर दंड आहे का ते करारात बघा आणि मग हिशेब मांडा. आपल्या विद्यार्थिनीचे ३१ लाख ६० हजार साडेबारा टक्क्यांनी उरलेल्या आठ वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो साधारण ५२,२००. म्हणजे आजच्यापेक्षा २,६०० रुपये जास्त, पण तो आठ वर्षं तिथेच थांबेल. डॉलरचा हप्ता एवढा व्हायला डॉलर ९४ रुपये ७० पैशांवर जावा लागेल. तो तिथे लवकर पोचला तर बदलणं फायद्याचं, बरीच वर्षं नाही पोचला तर तोट्याचं.

यात एक मोह टाळा. "डॉलर खूप वर गेलाय, जरा खाली आला की बदलू" असं ७९ लाही म्हणणारे होते, ८३ लाही. ७४ वरून ९० पर्यंतचं नुकसान होऊन गेलंय, ते कोणत्याच निर्णयाने परत येत नाही. निर्णय फक्त इथून पुढच्या d वर घ्यायचा असतो. मोठ्या कंपन्या यासाठी बँकेशी फॉरवर्ड करार करून दर आधीच बांधून घेतात. दहा वर्षं दरमहा ५५१ डॉलर भरणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते व्यवहार्य नाही. त्यामुळे मिळकत आणि कर्ज एका चलनात आणणं हाच आपला फॉरवर्ड करार.

सही करण्याआधी एक तक्ता बनवा. पहिल्या रकान्यात वर्षं, दुसऱ्यात डॉलरमधला हप्ता, पुढच्या तीन रकान्यांत तोच हप्ता रुपयात: एकदा d शून्य धरून, एकदा तीन टक्के, एकदा पाच टक्के. मग शेजारी भारतात परतलात तर मिळू शकणारं विद्यावेतन किंवा पगार लिहा. तीन टक्क्यांच्या रकान्यातला हप्ता त्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर कर्जाची रक्कम, देश किंवा चलन, यातलं काहीतरी बदलायला अजून वेळ आहे. तक्ता करून अडकलात तर आकडे कमेंटमध्ये टाका, नाव-गाव न लिहिता. बसून बघू.